तीन लूप आणि एक अट

इंजिनिअरिंगच्या किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला सी भाषेच्या लॅबमध्ये द्विमितीय अ‍ॅरे शिकवून झाले, की पाठोपाठ दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा प्रोग्रॅम येतो. एकात एक बसवलेले तीन लूप आणि त्यांच्या वर `if (c1 != r2)` अशी एक छोटी अट, एवढाच त्याचा सांगाडा. लूप कसे चालतात ते मुले घोकून पाठ करतात. अट मात्र नियमात आहे म्हणून लिहितात आणि पुढे जातात. तोंडी परीक्षेत 'ही अट काढली तर काय होईल?' असे विचारले, की 'एरर येईल' असे उत्तर बहुतेक जण देतात.

ते उत्तर चूक आहे, आणि या प्रयोगातला शिकण्यासारखा भाग तिथेच सुरू होतो. अट काढली तरी कंपायलर तक्रार करत नाही. प्रोग्रॅम चालतो, आकडे मागतो, गुणाकार करतो आणि नीटनेटक्या ओळी-स्तंभांत उत्तर छापतो. ते उत्तर चुकीचे आहे हे तो कधीच सांगत नाही.

ओळीला स्तंभ का भेटतो

आधी गणित पाहू. दोन घरांची महिन्याची खरेदी आहे आणि जिन्नस तीन आहेत: तांदूळ, तूरडाळ आणि साखर. पहिल्या घराला तांदूळ ५ किलो, डाळ २ किलो आणि साखर ३ किलो लागते. दुसऱ्या घराला तांदूळ १० किलो, डाळ १ किलो आणि साखर २ किलो. घरे आडव्या ओळींत आणि जिन्नस उभ्या स्तंभांत मांडले, की २ ओळी आणि ३ स्तंभांची मॅट्रिक्स तयार होते. तिला A म्हणू.

आता गावातल्या दोन दुकानांचे किलोमागचे भाव घेऊ. पहिल्या दुकानात तांदूळ ५० रुपये, डाळ १४० आणि साखर ४४. दुसऱ्यात तांदूळ ५४, डाळ १३० आणि साखर ४२. या वेळी जिन्नस ओळींत आणि दुकाने स्तंभांत मांडायची. ही ३ ओळी आणि २ स्तंभांची मॅट्रिक्स B.

कोणत्या घराला कोणते दुकान स्वस्त पडेल? पहिल्या घराने पहिल्या दुकानातून माल घेतला, तर बिल ५×५० + २×१४० + ३×४४, म्हणजे २५० + २८० + १३२ = ६६२ रुपये. त्याच घराचे दुसऱ्या दुकानातले बिल २७० + २६० + १२६ = ६५६. दुसऱ्या घराची बिले अनुक्रमे ७२८ आणि ७५४. पहिल्या घराला दुसरे दुकान परवडते आणि दुसऱ्या घराला पहिले, कारण दुसऱ्या घरात तांदूळ जास्त लागतो आणि तो पहिल्या दुकानात स्वस्त आहे. ही चार बिले चौकोनात मांडली, की झाला A आणि B यांचा गुणाकार.

प्रत्येक बिल काढताना A मधली एक पूर्ण ओळ घेतली आणि B मधला एक पूर्ण स्तंभ. ओळीतला पहिला आकडा स्तंभातल्या पहिल्याशी गुणला, दुसरा दुसऱ्याशी, तिसरा तिसऱ्याशी, आणि सगळ्यांची बेरीज केली. ही बेरीज नीट व्हायची, तर ओळ आणि स्तंभ एकाच वेळी संपले पाहिजेत. यादीत तीन जिन्नस असतील, तर भावही तीनच हवेत. A चे स्तंभ आणि B च्या ओळी यांची संख्या सारखी हवी, या नियमाचा सगळा अर्थ एवढाच. घरे किती आणि दुकाने किती याच्याशी नियमाचा संबंध नाही. ती कितीही असोत. त्यांच्यावरून फक्त उत्तराचा आकार ठरतो. २×३ आणि ३×२ मधले शेजारी येणारे दोन ३ जुळले पाहिजेत, आणि बाहेरचे २ आणि २ मिळून उत्तर २×२ आकाराचे होते.

गुणाकाराची ही रीत इंग्लंडमधले गणिती आर्थर केली यांनी १८५८ साली मॅट्रिक्सवरच्या आपल्या निबंधात व्यवस्थित मांडली. त्या वेळी कागदावर गुणाकार करणाऱ्याला अट वेगळी तपासावी लागत नसे. भाव कमी पडले, तर हात आपोआप थांबत असे. यंत्राचा हात थांबत नाही.

दहा बाय दहाचे घर

सी मध्ये `int a[10][10];` असे लिहिले, की १०० पूर्णांकांची जागा राखली जाते. पडद्यावर आपण ती चौकोनी पाहतो, पण मेमरीत ती एकच लांब रांग असते: आधी पहिल्या ओळीचे दहा आकडे, त्यांना लागून दुसऱ्या ओळीचे दहा, मग तिसऱ्याचे. `a[i][j]` कुठे आहे हे शोधताना कंपायलर `10*i + j` एवढा हिशोब करतो आणि रांगेत तितके पुढे जातो. `a[2][3]` म्हणजे सुरुवातीपासून २३ जागा ओलांडून पुढचा आकडा.

या सूत्रात १० हा आकडा आहे तो स्तंभांच्या संख्येचा. ओळी किती आहेत हे सूत्राला लागतच नाही. म्हणूनच मॅट्रिक्स फंक्शनला पाठवताना `int a[][10]` असे लिहिता येते, पण `int a[][]` लिहिले की कंपायलर अडवतो. पहिला कंस रिकामा चालतो, दुसरा चालत नाही, ही गोष्ट पाठ करायची गरज राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. `i` आणि `j` हे ० ते ९ यांच्या आत आहेत की नाही, हे प्रोग्रॅम चालू असताना कुणीही तपासत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी बेल लॅबमध्ये सी घडवली, तेव्हापासून अ‍ॅरेच्या सीमा सांभाळणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचेच काम राहिले आहे. मॅट्रिक्सच्या प्रोग्रॅमला म्हणून दोन प्रकारच्या मर्यादा सांभाळाव्या लागतात. एक गणिताची: `c1` आणि `r2` सारखे हवेत. दुसरी जागेची: कोणतीही मिती राखलेल्या जागेपेक्षा मोठी नको. पहिली अट सगळे लिहितात, दुसरी बरेच जण विसरतात.

आकडे घेण्याआधीची तपासणी

दोन्ही अटी योग्य जागी लिहिल्या, की प्रोग्रॅमचा वरचा भाग असा दिसतो:

```c
#include <stdio.h>
#define MAX 10

int main(void)
{
    int a[MAX][MAX], b[MAX][MAX], c[MAX][MAX];
    int r1, c1, r2, c2, i, j, k;

    printf("Rows and columns of A: ");
    if (scanf("%d %d", &r1, &c1) != 2) {
        printf("Enter two numbers.\n");
        return 1;
    }
    printf("Rows and columns of B: ");
    if (scanf("%d %d", &r2, &c2) != 2) {
        printf("Enter two numbers.\n");
        return 1;
    }
    if (r1 < 1 || r1 > MAX || c1 < 1 || c1 > MAX ||
        r2 < 1 || r2 > MAX || c2 < 1 || c2 > MAX) {
        printf("Each size must be 1 to %d.\n", MAX);
        return 1;
    }
    if (c1 != r2) {
        printf("Cannot multiply: %dx%d and %dx%d\n",
               r1, c1, r2, c2);
        return 1;
    }
```

`scanf` किती आकडे वाचता आले ते परत सांगतो, आणि ती संख्या २ आहे की नाही हे इथे पाहिले आहे. ही काळजी अनाठायी नाही. आकार विचारला की वहीत लिहितात तसे `2x3` टाइप करणारे विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये असतात. `scanf` त्यातला २ वाचतो, पुढे `x` दिसताच थांबतो आणि १ परत देतो. `c1` मध्ये तेव्हा काहीही टाकलेले नसते, त्या जागी आधीपासून जे पडून होते तेच राहते. शिवाय `x3` हे इनपुटमध्ये तसेच शिल्लक राहते. म्हणून पुढचा `scanf` विद्यार्थ्याच्या टायपिंगची वाट न बघता त्याच `x` वर अडखळतो. प्रोग्रॅम न थांबता भराभर पुढे पळाला, तर इनपुटमध्ये असे काहीतरी अडकले आहे हे ओळखावे.

चारही मितींची तपासणी आकडे भरण्याच्या आधी आहे. पुष्कळ जर्नलांत `c1 != r2` ही अट दोन्ही मॅट्रिक्स भरून झाल्यावर येते. तिथेही ती काम करते. पण विद्यार्थ्याकडून वीस-पंचवीस आकडे टाइप करून घ्यायचे आणि मग गुणाकार होणार नाही म्हणायचे, हे बरे नाही. जागेची अट मात्र उशिरा आली तर तिचा उपयोगच नाही, कारण नुकसान आकडे भरतानाच होते. शेवटच्या संदेशात दोन्ही आकार छापले आहेत, म्हणजे नेमके काय जुळले नाही ते वापरणाऱ्याला लगेच कळते.

यानंतर A आणि B भरून घेणारे दोन-दोन लूप येतात. ते सरळ आहेत. `i` ओळींवर फिरतो, `j` स्तंभांवर, आणि प्रत्येक वेळी `scanf("%d", &a[i][j])`. मग येतो गाभा:

```c
    for (i = 0; i < r1; i++)
        for (j = 0; j < c2; j++) {
            c[i][j] = 0;
            for (k = 0; k < c1; k++)
                c[i][j] += a[i][k] * b[k][j];
        }
```

`i` म्हणजे घर, `j` म्हणजे दुकान आणि `k` म्हणजे जिन्नस, असे धरून वाचले की हे लूप बोलू लागतात. `i` शून्य आणि `j` शून्य असताना `c[0][0]` आधी ० होतो. `k` ० असताना तांदळाचे २५० जमा होतात, १ असताना डाळीचे २८० मिळून ५३०, आणि २ असताना साखरेचे १३२ मिळून ६६२. मग `j` एकाने वाढतो: घर तेच, दुकान दुसरे. एका बिलाला तीन गुणाकार, बिले चार, म्हणजे एकूण बारा गुणाकार. सर्वसाधारणपणे ही संख्या `r1`, `c1` आणि `c2` यांच्या गुणाकाराएवढी असते.

`k` कुठपर्यंत जातो ते पाहा: `c1` पर्यंत. `r2` लिहिले असते तरी चालले असते, कारण वरच्या अटीने दोघे सारखे असल्याची खात्री करून घेतली आहे. हा लूप त्या अटीच्याच भरवशावर उभा आहे.

अट काढली तर

आता ती अट पुसून टाकू आणि न जुळणारे आकार देऊ. त्यात दोन शक्यता आहेत आणि दोन्हींची लक्षणे वेगळी आहेत.

समजा यादीत जिन्नस तीन आहेत, पण साखरेचा भाव दिलाच नाही. A आहे २×३ आणि B आहे २×२. `k` आपला २ पर्यंत जातो आणि `b[2][0]` मागतो. ती जागा अ‍ॅरेच्या आतच आहे, कारण आपण दहा ओळी राखल्या आहेत. फक्त तिथे आपण काही भरलेले नाही. अ‍ॅरे `main` च्या आत जाहीर केला असेल, तर तिथे मेमरीत आधीचे जे काही पडले असेल ते येते, आणि बिल कधी उणे कोट्यवधी रुपयांचे होते. अशा अवाढव्य आकड्याला लॅबमध्ये 'गार्बेज' म्हणतात. तो दिसला तर नशीब चांगले, कारण काहीतरी चुकले हे निदान कळते. पण तेच अ‍ॅरे `main` च्या बाहेर, ग्लोबल जाहीर केले असतील, तर सी ते सुरुवातीलाच शून्यांनी भरते. मग साखरेचा भाव शून्य धरला जातो आणि पहिल्या घराचे बिल येते ५३० रुपये. आकडा पूर्णपणे पटण्यासारखा आहे, फक्त साखर फुकट मिळाली आहे.

दुसरी शक्यता उलट बाजूची. यादीत तांदूळ आणि डाळ एवढेच भरले, पण भाव तिन्ही जिन्नसांचे आहेत. A आहे २×२ आणि B आहे ३×२. इथे `k` फक्त दोनदा फिरतो आणि B ची तिसरी ओळ वाचलीच जात नाही. उत्तर येते ५३०, ५३०, ६४० आणि ६७०. यात गार्बेज येण्याची शक्यताच नाही. अ‍ॅरे कुठेही जाहीर करा, कोणताही कंपायलर वापरा, दर वेळी हेच स्थिर उत्तर मिळेल. अट नसण्याचा सगळ्यात धोकादायक प्रकार हा, कारण तो पकडायला उत्तरात काही खूणच उरत नाही.

बाराव्या स्तंभाचे काय होते

जागेची अट काढल्यावर जे घडते तेही असेच शांतपणे घडते. समजा कुणी A चा आकार २×१२ दिला. राखलेली जागा १०×१० आहे. पहिली ओळ भरताना `a[0][10]` आणि `a[0][11]` इथेही आकडे टाकले जातात. सूत्राप्रमाणे `a[0][10]` म्हणजे रांगेतली दहा नंबरची जागा. पण `a[1][0]` सुद्धा `10*1 + 0`, म्हणजे दहा नंबरचीच जागा. दोन पत्ते, घर एकच.

आधी पहिल्या ओळीचे अकरावा आणि बारावा आकडा तिथे जातात. मग दुसरी ओळ भरताना तिचे पहिले दोन आकडे त्यांच्यावरच लिहिले जातात. मॅट्रिक्स छापून पाहिली, की साधारणपणे पहिल्या ओळीचे शेवटचे दोन आकडे आणि दुसऱ्या ओळीचे पहिले दोन आकडे सारखे दिसतात. ही या चुकीची हमखास ओळख. प्रोग्रॅम कोसळत नाही, कारण हे सगळे लिखाण राखलेल्या १०० जागांच्या आतच झाले. १२ ओळींची मॅट्रिक्स दिली असती, तर लिखाण अ‍ॅरेच्या बाहेर गेले असते आणि शेजारचे `b`, किंवा `i` सारखा एखादा व्हेरिएबल बिघडला असता. मग लूप भलत्याच वेळी थांबतो, किंवा थांबतच नाही. भाषेच्या नियमांनुसार या दोन्ही प्रकारांत काय घडेल याची कसलीच हमी नाही. आज बरोबर चाललेला प्रोग्रॅम उद्या दुसऱ्या यंत्रावर वेगळे उत्तर देऊ शकतो.

लिनक्सवर `gcc` वापरत असाल, तर कंपाइल करताना `-Wall -fsanitize=undefined` हे पर्याय द्यावेत. मग अ‍ॅरेची सीमा ओलांडणारा निर्देशांक प्रोग्रॅम चालताना सापडतो आणि तो कोणत्या ओळीवर आहे ते पडद्यावर येते. ही सोय तपासण्यापुरती. वापरणाऱ्याला नीट संदेश देणारी अट आपली आपणच लिहायची असते.

जागेचा आणखी एक प्रकार आहे, तो अ‍ॅरेचा नसून एकेका आकड्याचा. जुन्या टर्बो सी मध्ये `int` सोळा बिटांचा असतो आणि ३२,७६७ च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. आपल्या उदाहरणातले भाव रुपयांऐवजी पैशांत दिले, म्हणजे ५०००, १४००० आणि ४४००, तर प्रत्येक भाव मावतो, पण पहिले बिल ६६,२०० पैसे होते. सोळा बिटांत त्यातून ६५,५३६ गळून पडतात आणि पडद्यावर येतात ६६४. रुपयांतले खरे उत्तर ६६२ होते, त्यामुळे हा आकडा पाहून कुणालाही वाटेल की थोडासाच फरक पडला आहे. उपाय सोपा: उत्तराची मॅट्रिक्स `long` ठेवायची, गुणाकारही `(long)a[i][k] * b[k][j]` असा करायचा आणि छापताना `%ld` वापरायचे.

अट पाळूनही चुकणारे उत्तर

अटी जागच्या जागी असल्या, तरी लूपमध्ये चूक राहू शकते. पण अशा प्रत्येक चुकीचा एक ठसा असतो. उत्तराकडे नीट पाहिले तर तो ओळखता येतो.

`c[i][j] = 0;` हे विधान चुकून सगळ्यात आतल्या लूपमध्ये गेले, की प्रत्येक जिन्नसाआधी बिल पुन्हा कोरे होते आणि शेवटचा गुणाकार तेवढा उरतो. आपल्या उदाहरणात उत्तर येईल १३२, १२६, ८८ आणि ८४. हे चारही आकडे निव्वळ साखरेचे आहेत. उत्तर अपेक्षेपेक्षा लहान आले आणि ते शेवटच्या जोडीच्या गुणाकाराएवढे असले, तर शून्य कुठे ठेवले आहे ते पाहावे. हे विधान अजिबातच लिहिले नाही, तर बेरीज गार्बेजवर सुरू होते. ग्लोबल अ‍ॅरे असेल, तर ही चूक झाकली जाते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे `b[k][j]` ऐवजी `b[j][k]` लिहिणे. ओळीला स्तंभ भेटायच्या ऐवजी ओळीला ओळच भेटते. पुस्तकांत नेहमी येणारे उदाहरण घेऊ: A च्या ओळी १ २ आणि ३ ४, B च्या ओळी ५ ६ आणि ७ ८. खरे उत्तर १९ २२ आणि ४३ ५०. निर्देशांक उलटे झाले, तर येते १७ २३ आणि ३९ ५३. सुट्या सुट्या जागांचे गुणाकार केले, तर ५ १२ आणि २१ ३२. हे तीन संच लक्षात असले, की मुलाच्या पडद्याकडे पाहूनच चूक सांगता येते.

मात्र याच प्रोग्रॅमला B म्हणून एकक मॅट्रिक्स दिली, म्हणजे कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे ०, तर निर्देशांक उलटे असूनही उत्तर बरोबर येते. एकक मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ सारखेच असतात, त्यामुळे उलटे वाचले काय नि सुलटे काय, फरक पडत नाही. चौरस मॅट्रिक्सने तपासण्यातही असाच धोका आहे. `r1`, `c1`, `r2` आणि `c2` चौघेही २ असतील, तर लूपमध्ये कोणत्या ठिकाणी कोणता व्हेरिएबल लिहिला याने काहीच बिघडत नाही. `k < c1` ऐवजी `k < c2`, `j < c2` ऐवजी `j < c1`, सगळे चालून जाते.

शेवटी, अट जे पाहू शकत नाही तेही सांगायला हवे. आपल्या उदाहरणात उलट गुणाकार, म्हणजे आधी भावांची मॅट्रिक्स B आणि मग खरेदीची A, करून पाहा. ३×२ आणि २×३: मधले दोन आकडे २ आणि २ जुळले, अट समाधानी, उत्तर ३×३ आकाराचे. त्याच्या पहिल्या ओळीतला दुसरा आकडा ५०×२ + ५४×१ = १५४. यात तांदळाच्या भावाने डाळीचे किलो गुणले आहेत. पहिला २ दुकानांचा होता आणि दुसरा २ घरांचा; संख्या सारखी, वस्तू वेगळ्या. अट फक्त मोजते, काय मोजले हे तिला कळत नाही. मॅट्रिक्स कोणत्या क्रमाने द्यायच्या हे माणसानेच ठरवायचे. त्यासाठी वहीत आकारासोबत अर्थही लिहावा: घरे × जिन्नस, जिन्नस × दुकाने. शेजारचे दोन शब्दही सारखे आले, तरच पुढे जावे.

जर्नलमध्ये कोणत्या चाचण्या असाव्यात

एका चौरस उदाहरणाचे आउटपुट चिकटवले, की प्रयोग तपासून मिळतो, पण प्रोग्रॅम तपासला जात नाही. त्याऐवजी पाच चाचण्या पुरतात. पहिली, तिन्ही मिती वेगळ्या असलेली. A म्हणून १ २ ३ आणि ४ ५ ६ या दोन ओळी घ्या. B म्हणून १ ० ० १, ० १ ० १ आणि ० ० १ १ या तीन ओळी. उत्तर तोंडी सांगता येते: १ २ ३ ६ आणि ४ ५ ६ १५. पहिल्या तीन स्तंभांत A जशीच्या तशी उतरते आणि चौथ्यात प्रत्येक ओळीची बेरीज येते. `j` चा लूप `c1` वर थांबला तर चौथ्या स्तंभाचा हिशोबच होत नाही, आणि निर्देशांक उलटे असतील तरीही चौथा स्तंभच बिघडतो. शून्य आतल्या लूपमध्ये असेल, तर पहिली ओळ ० ० ३ ३ अशी दिसते.

दुसरी चाचणी किराण्याची, २×३ आणि ३×२. तिथे दुकाने जिन्नसांपेक्षा कमी असल्याने `k` चुकून `c2` पर्यंत ठेवला, तर ६६२ च्या जागी ५३० येतात. तिसऱ्या चाचणीत २×३ आणि २×२, चौथीत २×२ आणि ३×२ द्यावे. अट नसेल तर या दोन्हींत आकडे वेगळ्या वाटेने चुकतात, म्हणून दोन्ही वेळा नकाराचा संदेश पडद्यावर आला पाहिजे. पाचव्या चाचणीत २×१२ आकार द्यावा आणि मग मुद्दाम `2x3` असे टाइप करून पाहावे. या दोन्ही वेळी प्रोग्रॅमने मॅट्रिक्सचा एकही आकडा मागण्याआधीच थांबायला हवे.